फळीवर अडकलेला गल्ला : 2002 ते 2025

पवईत 2002 मध्ये डी-मार्टचं पहिलं दुकान सुरू झालं, तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या वाण्यांना धास्ती होती ती स्वस्त भावाची. तो भाव परवडत होता कसा, याकडे तेव्हा कमी जणांचं लक्ष गेलं. कंपनीच्या ताळेबंदात ते दिसतं: साधारण महिनाभराचा साठा आणि पुरवठादाराला लवकर पैसे. माल झटपट फिरला की रोकड हाताशी राहते, आणि रोख देणाऱ्याला भावात सूट मिळते.

हे फिरणं मोजायची रीत सोपी आहे. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत घ्यायची आणि तिला दुकानातल्या सरासरी साठ्याच्या किमतीनं भागायचं. घाटकोपरमधलं एक नमुना दुकान धरू. वर्षाला 48 लाखांचा माल विकला जातो, साठा सरासरी 8 लाखांचा. म्हणजे माल वर्षात 6 वेळा फिरला, दर दोन महिन्यांनी एकदा. वाईट नाही, असं मालकाला वाटतं.

पण साठा दोन भागांत वाटून पाहिला की चित्र पालटतं. पीठ, साखर, तेल, डाळी यांचा साठा 3 लाखांचा आणि त्यातून 42 लाखांचा माल गेला: 14 वेळा. शाम्पू, क्रीम, गिफ्ट पॅक यांच्यात 5 लाख अडकलेले आणि वर्षात गेला फक्त 6 लाखांचा माल: 1.2 वेळा. म्हणजे हा माल सरासरी दहा महिने फळीवर बसतो. एजन्सीवाला मात्र पंधरा दिवसांत चेक मागतो. मधले साडेनऊ महिने पैसा कोणाचा? एकतर तेल-साखरेच्या गल्ल्यातला, नाहीतर व्याजाचा. वर्षाला 18 टक्क्यांनी 5 लाखांचं व्याज 90 हजार होतं. या मालावर खरेदीच्या 15 टक्के नफा धरला, तर 6 लाखांवर तोही बरोबर 90 हजारच. वर्षभर धूळ झटकली, हाती शून्य.

एरवी हे व्याज कुणाला दिसत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र काही तारखांनी ते उघड्यावर आणलं.

पहिली 30 जून 2017. दुसऱ्या दिवशी जीएसटी येणार होता. शिल्लक मालावर आधी भरलेल्या उत्पादन शुल्काची वजावट मिळणार होती, पण वर्षभराहून जुन्या खरेदीला नाही. बिल हाती नसलं तर वजावट अर्धीमुर्धीच. जूनमध्ये लागलेल्या सवलतींच्या पाट्या आठवत असतील. त्यामागे हा हिशेब होता.

दुसरी 25 मार्च 2020. टाळेबंदीचा पहिला दिवस आणि गुढीपाडवाही. किराणा चालू राहिला, सणासाठी भरलेले कपडे मात्र बंद शटरआड राहिले.

तिसरी तारीख अजून ताजी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक खूश. पण फळीवर जुन्या दराची बाटली होती. करासह 118 रुपयांची बाटली आता 105 ला द्यायची. दुकानदारानं ती 90 अधिक 18 टक्के कर, म्हणजे 106 रुपये 20 पैशांना घेतलेली. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला खरेदीवरच्या कराची वजावट मिळतच नाही. कंपनीनं फरक भरून दिला नाही, तर 11 रुपये 80 पैशांच्या नफ्याऐवजी त्याच्या पदरी 1 रुपया 20 पैशांचं नुकसान. नियमित जीएसटीवाल्याचा दहा रुपयांचा नफा वाचतो, पण 11 रुपये 20 पैसे कराच्या खात्यात जमा राहतात. दर बदलल्यामुळे उरलेली ही रक्कम परत मिळत नाही, पुढच्या करातूनच वळती करावी लागते. ज्याचा बहुतेक माल आता 5 टक्क्यांत किंवा करमुक्त, त्याला ती संपवायला वेळ लागतो.

त्याच दिवशी महिनाभराचाच शाम्पू ठेवणाऱ्याला हा चटका जेमतेम बसला. दहा महिन्यांचा भरणाऱ्याला पुरता.

एवढा माल भरला जातो तो बहुधा स्कीमपायी. ‘बारावर एक फुकट’ म्हणजे नगामागे पावणेआठ टक्क्यांची सूट. दहा महिने बसणाऱ्या मालावर 18 टक्के दरानं व्याज होतं 15 टक्के. अंधेरीतला एजन्सीचा सेल्समन हा दुसरा आकडा सांगणार नाही, त्याला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं. हे टाळायला संगणक लागत नाही. खोका आत येतानाच त्यावर स्केच पेननं महिना लिहावा. तीन महिन्यांनी तोच खोका हलला नसेल, तर पुढची ऑर्डर थांबवावी आणि एक्सपायरी दूर आहे तोवर एजन्सीला बदलून मागावा. नाहीच घेतला, तर खरेदी भावाला काढून टाकावा. त्या 5 लाखांतले 2 लाख असे मोकळे झाले, तर व्याजाचेच वर्षाला 36 हजार वाचतात.