सिडनीची कमान, तीन बिंदूंत

सिडनी हार्बर पुलाची (1932) खालची कमान पायाच्या बिजागरींमध्ये 503 मीटर पसरते आणि मधोमध 107 मीटर उठते. डावी बिजागरी शून्य धरली, की तीन बिंदू मिळतात: (0, 0), (251.5, 107), (503, 0).

कमान परवलय मानू. उंची दोन्ही टोकांना शून्य, म्हणून समीकरण y = ax(503 − x). मधला बिंदू घातला की a = 107 ÷ 251.5², म्हणजे सुमारे 0.00169.

डाव्या टोकापासून 100 मीटरवर उंची किती? 0.00169 × 100 × 403, म्हणजे सुमारे 68 मीटर.

चूक बहुधा मापांत होते. पुलाची प्रसिद्ध 134 मीटर उंची समुद्रसपाटीपासून, वरच्या कमानीच्या माथ्यापर्यंतची आहे. ती 107 च्या जागी घातली, तर उत्तर थेट 85 वर जातं. तिन्ही मापं एकाच कमानीची, एकाच पातळीपासूनची हवीत. चौथा बिंदू मोजून ताळा घ्यावा.