न जोडताही एकाच पातळीवर

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला ऑप-अॅम्प शिकवताना फळ्यावर दोन नियम लिहिले जातात. दोन्ही इनपुट पिनांवरचा व्होल्टेज सारखाच असतो आणि त्या पिनांमध्ये करंट जात नाही. पहिल्या नियमाला ‘व्हर्च्युअल शॉर्ट’ म्हणतात. गणिते त्यावर भराभर सुटतात, पण एक प्रश्न राहतो. दोन पिनांना जोडणारी तार आत कुठेच नाही, मग त्या सारख्या व्होल्टेजवर येतात कशा?

उत्तरासाठी १९६८ साली बाजारात आलेली आणि अजूनही प्रयोगशाळांत दिसणारी ७४१ ही चिप घेऊ. तिचे काम एकच: अधिक पिनेवरच्या व्होल्टेजमधून उणे पिनेवरचा वजा करायचा आणि आलेला फरक साधारण दोन लाख पटींनी वाढवून आऊटपुटला द्यायचा. पण ±१५ व्होल्टच्या सप्लायवर तिचे आऊटपुट १३-१४ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे एक मिलिव्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा फरकही ते टोकाला नेऊन भिडवायला पुरेसा आहे. नुसती चिप म्हणूनच अॅम्प्लिफायर म्हणून कामाची नाही.

आता अधिक पिन ग्राउंडला जोडू. उणे पिनेला एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून इनपुट देऊ आणि दहा किलोओहमच्या रेझिस्टरने आऊटपुट त्याच पिनेवर परत आणू. हा परतीचा रस्ता म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. इनपुटला अर्धा व्होल्ट दिला की काय घडते, ते सावकाश पाहू.

पहिल्या क्षणी आऊटपुट अजून शून्यावर आहे. दोन रेझिस्टरांच्या वाटणीत उणे पिन ०.४५ व्होल्टवर जाते. अधिक पिन शून्यावरच असल्याने चिपला मोठा फरक दिसतो आणि आऊटपुट वेगाने खाली जाऊ लागते. ते खाली जाताना दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून उणे पिनेलाही खाली ओढते, त्यामुळे फरक आटत जातो. समजा आऊटपुट −५.५ व्होल्टपर्यंत घसरले, तर उणे पिन शून्याच्या खाली जाते, फरकाचे चिन्ह उलटते आणि चिप आऊटपुट वर ढकलते. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती होत आऊटपुट −५ व्होल्टपाशी थांबते.

तिथे पिनांमधला फरक शून्य झालेला नसतो. पाच व्होल्टचे आऊटपुट टिकवण्यासाठी पाच भागिले दोन लाख, म्हणजे २५ मायक्रोव्होल्ट लागतातच. (प्रत्यक्ष ७४१ मध्ये अंगचीच एखाद्या मिलिव्होल्टची तफावत असते, ती वेगळी.) अर्ध्या व्होल्टपुढे २५ मायक्रोव्होल्ट नगण्य आहेत, म्हणून आपण पिना समान धरतो. आणि हा खरा शॉर्ट नाही, कारण इनपुटमधून आलेला अर्धा मिलिअँपिअर पिनेत न शिरता जवळजवळ सगळा दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुढे जातो.

थोडक्यात, पिना सारख्या होतात त्या आऊटपुट त्यांना सारखे ठेवते म्हणून. आऊटपुटची ही मोकळीक गेली की नियमही गेला. इनपुटला दोन व्होल्ट देऊन पाहा. आऊटपुटला −२० व्होल्ट व्हावे लागेल, पण ते −१३ च्या आसपास अडते. मल्टिमीटरची एक टोकणी ग्राउंडला आणि दुसरी उणे पिनेला लावली, तर सुमारे ०.६४ व्होल्ट दिसेल. जिथे शून्य हवे तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, की व्हर्च्युअल शॉर्ट तुटल्याची ती खूण.

वेगाचीही मर्यादा आहे. दोन लाखांची पट फक्त अगदी मंद सिग्नलला मिळते. दहा किलोहर्ट्झला ७४१ ची पट शंभराच्या आसपास उतरते. तेव्हा पाच व्होल्टच्या आऊटपुटसाठी पिनांमध्ये ५० मिलिव्होल्टचा फरक लागतो, आणि अर्ध्या व्होल्टच्या इनपुटपुढे तो दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे दोन इनपुट पिनांची अदलाबदल. पिना समान धरून गणित केले तर कागदावर तेच −५ व्होल्ट येतात. प्रत्यक्षात मात्र आऊटपुट जरा हलले की परतीचा रस्ता त्याला त्याच दिशेने आणखी ढकलतो, आणि ते एका टोकाला जाऊन चिकटते. म्हणून समीकरण मांडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: परतीचा रस्ता उणे पिनेलाच येतो का, आणि लागणारे आऊटपुट सप्लायच्या मर्यादेत व चिपच्या वेगात बसते का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तरच पिना समान धराव्यात.