पडद्यावरची रेघ: केबल की पॅनल?

लॅपटॉपच्या पडद्यावर उभी-आडवी रेघ उमटली की लोक थेट नव्या पडद्याचा भाव विचारतात. त्याआधी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवरही रेघा दिसल्या, तर दोष बहुधा ग्राफिक्स चिपचा किंवा तिच्या ड्रायव्हरचा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर संशय उरतो मुख्यतः दोघांवर: पॅनल आणि त्याच्याकडे जाणारी केबल.

ही बारीक केबल मदरबोर्डवरून निघून बिजागरीतून वर जाते. उघडझाप होताना ती दर वेळी वाकते. म्हणून लॅपटॉप चालू ठेवून झाकण हळूहळू मागेपुढे करा. एका विशिष्ट कोनात रेघा येत असतील, पडदा लुकलुकत असेल आणि कोन बदलताच चित्र सुधारत असेल, तर केबल सैल झाली आहे किंवा आतून तुटत आली आहे. सैल असेल तर जोडणी पुन्हा नीट बसवून भागते. तुटली असेल तर केबल बदलावी लागते आणि ती पॅनलपेक्षा बरीच स्वस्त पडते.

आता समजा, एकच हिरवी उभी रेघ आहे, केसाएवढी बारीक. झाकण कसेही हलवा, जागची हलत नाही. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोस पडद्यावरही तिथेच. हे पॅनलचे लक्षण. काचेच्या कडेला चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांतून पिक्सेलच्या प्रत्येक स्तंभाला संकेत मिळतो. तिथला एक सांधा सुटला की तेवढाच स्तंभ बिघडतो. चौकटीची कड हलकेच दाबल्यावर रेघ क्षणभर जाते, पण तेवढ्याने केबलला दोष देऊ नका. तो सांधा दुकानात सहसा दुरुस्त होत नाही.