हळदीचा पिवळा आणि नऊ मिनिटांचा सिनेमा

1995 साली आलेला ‘टॉय स्टोरी’ तयार होत असताना पिक्सारचा कलादिग्दर्शक राल्फ एगल्स्टन याने पेस्टल खडूंनी एकापाठोपाठ एक लहान लहान चित्रं रंगवली. त्या चित्रांत पात्रांचे चेहरे नीट दिसत नव्हते आणि हावभाव तर नव्हतेच. कुठल्या प्रसंगात पडद्यावर कोणता रंग, किती उजेड आणि किती अंधार असेल, एवढंच त्यांतून कळत होतं. सगळी चित्रं ओळीने लावली की आख्खा सिनेमा एका नजरेत, फक्त रंगांतून वाचता येई. याला कलर स्क्रिप्ट म्हणतात. ॲनिमेशनमध्ये ही पद्धत आता सर्रास वापरली जाते. खऱ्या माणसांना घेऊन लघुपट करणारे मात्र ती बरेचदा टाळतात आणि रंगांचं काय ते शेवटी संगणकावर बघू म्हणतात. तोवर उशीर झालेला असतो.

कलर स्क्रिप्टबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद असा एक कोश असतो आणि त्यातून रंग उचलायचे. रंगाला असा कायमचा अर्थ नसतो. सिनेमात तो अर्थ क्रमाने तयार होतो: आधी काय पाहिलं, नंतर काय आलं आणि काय निघून गेलं यावरून. अल्बेर लामोरीसचा 1956 सालचा ‘द रेड बलून’ हा सुमारे 34 मिनिटांचा फ्रेंच लघुपट पाहा. त्यात पॅरिसच्या मेनिलमोंताँ वस्तीतल्या राखाडी, ओलसर भिंती आहेत, राखाडी कपड्यांतला मुलगा आहे आणि एक लालभडक फुगा. संवाद जवळजवळ नाहीतच. तो फुगा गर्द रंगाच्या गावात असता, तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. पोरं दगड मारून त्याला फोडतात, पडद्यावरचा लाल विझतो आणि मग शहरभरातून रंगीबेरंगी फुगे त्या मुलाकडे धावून येतात. एकच रंग, मग तोही नाही, मग सगळे रंग. गोष्ट एवढ्या तीन पायऱ्यांत सांगून होते.

हे प्रत्यक्षात कसं आखायचं, ते एका कल्पित लघुपटावरून पाहू. लांबी नऊ मिनिटं, संवाद नाहीत. नऊ-दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या ताईचं लग्न ठरतं, ती सासरी जाते, घर रिकामं होतं आणि हळूहळू त्या मुलाला ते पेलवायला लागतं. एवढीच गोष्ट. मुख्य रंग दोन: घराच्या भिंतींचा निळसर हिरवा डिस्टेंपर आणि हळदीचा पिवळा.

पहिलं काम कागदावरचं. मिनिटाला दोन इंच या हिशेबाने अठरा इंच लांबीची कागदाची पट्टी घ्यावी आणि प्रसंगांच्या लांबीप्रमाणे तिचे भाग पाडावेत. हे प्रमाण पाळायलाच हवं. सगळ्या प्रसंगांना सारखे चौकोन दिले, तर वीस सेकंदांचा भडक प्रसंग दोन मिनिटांच्या फिक्या प्रसंगाएवढाच वाटतो आणि चढउताराचा अंदाज चुकतो. पट्टीखाली पेन्सिलीने मुलाच्या मनःस्थितीची एक रेघ काढावी. जिथे ती वळते तिथेच रंग वळला पाहिजे. जिथे ती सरळ आहे तिथे लोकेशन बदललं, कपडे बदलले, तरी रंगांचा मेळ बदलता कामा नये.

यानंतर लगेच रंगपेटी उघडू नये. आधी पूर्ण पट्टी फक्त काळ्या-पांढऱ्या छटांत करावी. कोणता प्रसंग उजळ, कोणता काळोखा, कुठे दोहोंत तीव्र फरक आणि कुठे सगळंच मध्यम, हे ठरवावं. भावनेतला फरक प्रेक्षकाला आधी उजेडातून जाणवतो, रंग त्यावर चढतो. दोन प्रसंग करड्या छटांत सारखेच दिसत असतील, तर नुसता रंग बदलून ते वेगळे वाटतीलच याची खात्री नाही, आणि ज्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत अशा प्रेक्षकांपर्यंत तर काहीच पोचणार नाही.

आता रंग भरू. पहिला प्रसंग दीड मिनिटाचा, संध्याकाळचा. निळसर हिरवी भिंत, ट्यूबलाइट, मुलाचा निळा शर्ट आणि ताईचा कुर्ताही त्याच कुळातला, थोडा गडद. दोघं भिंतीत मिसळून जातात, कारण ते त्या घराचे आहेत. पिवळा कुठेही नाही. दिवाणावरची चादर, देवाचा फोटो, टेबलावरचा बिस्किटांचा पुडा, एकेक वस्तू पाहून पिवळं ते बाजूला काढायचं. दुसऱ्या प्रसंगात लग्नाची पत्रिका येते. तिच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावलेली असतात, पण आपण फक्त हळदीचं बोट दाखवायचं. फ्रेमच्या शंभराव्या भागाएवढा तो ठिपका. प्रेक्षक त्याची मुद्दाम नोंद घेणार नाही, पण डोळा घेतो.

तिसऱ्या प्रसंगात तयारी सुरू होते आणि पिवळा वाढतो. आधी झेंडूच्या माळा, मग पाहुण्यांची पातळं, असं करत तो फ्रेमच्या पाव भागापर्यंत येतो. चौथा प्रसंग हळदीचा. नवऱ्या मुलाची उष्टी हळद त्याच्या घरून वाटीत येते आणि नवरीला लागते. म्हणजे पिवळा अक्षरशः दारातून आत येतो, दुसऱ्या घराचा रंग म्हणून. ताई पिवळी होते, बायका पिवळ्या, पाट, भिंत, दुपारचं ऊनसुद्धा पिवळं. भिंतीवर पिवळ्या कापडाचे पडदे लावून निळसर हिरवा जवळजवळ झाकायचा. निळा उरतो एकट्या मुलाच्या शर्टात. पहिल्या प्रसंगात तोच शर्ट घराचा होता, इथे तो परका दिसतो. शर्ट बदललेला नाही, मुलाचा चेहरासुद्धा अजून गोंधळलेलाच आहे. तरीही प्रेक्षकाला कळतं की ताई आता आपली राहिली नाही. नंतर ती त्याला जवळ ओढते आणि शर्टावर हळदीचा हात उमटतो.

इथे डोळ्याची एक सवय आड येते. पडदा बराच वेळ एकाच रंगाने भरला, की डोळा त्या रंगाला सरावतो आणि तो फिका वाटू लागतो. दीड मिनिट पिवळंच दाखवलं, तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते पिवळं उरत नाही. म्हणून मुलाचा निळा शर्ट मधूनमधून फ्रेममध्ये यायलाच हवा. त्याच्या शेजारी पिवळा पुन्हा ताजा होतो.

हीच सवय पुढे फायद्याची ठरते. पाचवा प्रसंग पाठवणीचा, वीस सेकंदांचा, रात्रीचा आणि काळोखा. सहावा दुसऱ्या दिवशी सकाळचा: तीच खोली, तीच भिंत. पुष्कळ जण इथे निळा ओततात. मला ते अजिबात पटत नाही, कारण मग दुःख रंगाने सांगितलं जात नाही, ओरडून सांगितलं जातं. भिंतीचा रंग तोच ठेवावा, फक्त त्याचा गडदपणा थोडा उतरवावा आणि उजेड एक पायरी कमी करावा. पिवळ्याला सरावलेला डोळा रात्र अशी थोडक्यात ओलांडून आला, की ती भिंत आपोआपच थंड भासते. पहिल्या प्रसंगात घरपण देणारा रंग इथे रिकामा वाटतो, आणि त्यासाठी नवा रंग लागलेला नाही.

सातव्या प्रसंगात मुलगा मोरीत बसून शर्टावरचा डाग धुतो. हळदीला साबण लागला की ती लाल होते. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतला रंग त्यात पालटतो. प्रत्येक घरात घडणारी ही गोष्ट पडद्यावर प्रचंड ताकदीची ठरते. पिवळा हात त्याच्या डोळ्यांदेखत लालभडक होतो. आख्ख्या नऊ मिनिटांतला हा एकमेव लाल, आणि तो याच ठिकाणासाठी राखून ठेवलेला. पत्रिकेवरचं कुंकू म्हणूनच वगळलं होतं. पाण्याने खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो. आठव्या प्रसंगात तो शर्ट रोज दोरीवर उन्हात दिसतो आणि डाग दिवसागणिक फिका होत जातो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. शेवटी खिडकीतून आलेल्या फिक्या पिवळ्या उन्हाचा पट्टा निळसर हिरव्या भिंतीवर पडतो. दोन्ही रंग एका फ्रेममध्ये, पहिल्यांदाच एकमेकांना न झाकता.

पट्टी झाली की ती भिंतीला लावून दहा फुटांवरून, डोळे बारीक करून पाहावी. मग गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवून विचारावं, ‘कुठे काहीतरी बिघडलं आणि कुठे सावरलं असं वाटतं?’ त्यांचं बोट दोन्ही ठिकाणी बरोबर पडलं, तर आराखडा जमला. भलत्याच ठिकाणी पडलं, तर तिथला रंग गरजेपेक्षा जोरात बोलतोय असं समजावं.

चित्रीकरणात दोन गोष्टी हमखास घात करतात. पहिली म्हणजे कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स. पिवळी फ्रेम दिसली की कॅमेरा ती चूक समजून दुरुस्त करायला जातो आणि हळदीचा प्रसंग राखाडी होतो. म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी हा आकडा हाताने ठरवून बांधून टाकावा, उदाहरणार्थ दिवसाच्या उजेडाला 5600 केल्विन. दुसरी गोष्ट म्हणजे ‘पिवळं नंतर ग्रेडिंगमध्ये वाढवू’ हा भरवसा. आपल्या त्वचेचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मधोमध येतो, हळदीच्या अगदी शेजारी. संगणकावर पिवळा ताणला की चेहरेही ताणले जातात आणि सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. चेहरा वेगळा निवडून वाचवता येतो, पण हळद लागलेला चेहरा कशातून वेगळा करणार? तेव्हा पिवळा खऱ्या कापडाचा, खऱ्या हळदीचा, समोर ठेवलेलाच हवा. निळसर हिरवा मात्र त्वचेपासून दूर असतो, तो नंतर सुखाने उतरवता येतो. भिंतीसाठी तोच रंग निवडण्याचं हेही एक कारण.

संकलन झालं की प्रत्येक प्रसंगातली एक फ्रेम काढून त्यांची दुसरी पट्टी करावी आणि पहिलीच्या खाली ठेवावी. फरक पडणारच. ढग आलेले असतात, भिंत ठरल्यापेक्षा हिरवी निघते. त्यातले काही फरक चालतात. पण पाठवणीच्या वीस सेकंदांत दूर जाणाऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे राहून गेले असतील, तर ते छान दिसत असले तरी काढायचे. तो शॉट दिवे पेटण्याआधीच कापावा किंवा दिवे ग्रेडिंगमध्ये विझवावेत. मोरीत डाग लाल होईल, तेव्हा प्रेक्षकाने लाल त्याआधी पाहिलेला नसावा.