हळू धावणाऱ्याला कोणता टप्पा?

'एकिडेन' ही जपानमधली लांब पल्ल्याची रिले शर्यत. तिच्या मॅरेथॉन प्रकारात ४२.१९५ किलोमीटरचे सहा टप्पे असतात: ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५ किलोमीटर. समजा, संघातले पाच जण किलोमीटरला ४ मिनिटे घेतात आणि सहावा ५ मिनिटे. सरासरी आली ४ मिनिटे १० सेकंद. तिने पूर्ण अंतराला गुणले की २ तास ५५ मिनिटे ४९ सेकंद मिळतात. हा हिशेब सोपा, पण चुकीचा. टप्पे सारखे असते तरच तो जमला असता.

प्रत्येकाचे अंतर त्याच्या किलोमीटरमागच्या वेळेने गुणायचे आणि मग बेरीज करायची. सहावा धावपटू ५ किलोमीटर धावला, तर एकूण वेळ २ तास ५३ मिनिटे ४७ सेकंद. १० किलोमीटर धावला, तर २ तास ५८ मिनिटे ४७ सेकंद. माणसे तीच, फरक पाच मिनिटांचा!

गुणताना ४ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ४.३० नव्हे, साडेचार मिनिटे. शिवाय पाच किलोमीटरला जमणारी गती दहाला सहसा टिकत नाही. म्हणून १० किलोमीटरच्या टप्प्यासाठी धावपटूची त्याच अंतरावरची वेळ धरावी लागते.