विश्लेषण : छातीचा एक्स-रे कसा वाचावा? हृदयामागे दडलेला आजार कसा सापडतो?

छातीचा एक्स-रे समोर आला, की वैद्यकीय विद्यार्थ्याची नजर थेट फुप्फुसांवर जाते. तिथे एखादा डाग दिसला की शोध थांबतो आणि खरा आजार दुसरीकडेच राहून जातो. म्हणूनच श्वासनळी, हाडे, फुप्फुसे, हृदय आणि श्वासपटल हा क्रम प्रत्येक एक्स-रेसाठी पाळायला शिकवले जाते. हा क्रम नेमका काय साधतो, हे एका नमुना रुग्णाच्या आधारे पाहू.

रुग्ण कोण?

समजा, ५८ वर्षांचा, अनेक वर्षे धूम्रपान करणारा पुरुष दोन महिन्यांच्या खोकल्याची तक्रार घेऊन आला आहे. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या टोकाला चुन्यासारखे पांढरे, ठळक ठिपके आहेत. ते जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयरोगाचे व्रण असू शकतात. बहुतेक विद्यार्थी ‘जुना क्षय’ असे लिहून इथेच थांबतील.

सुरुवात कुठून?

आधी नाव, तारीख आणि बाजूची खूण तपासायची. रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. मग रुग्ण सरळ उभा होता का, हे पाहायचे. दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्याच अंतरावर हवीत. रुग्ण वळलेला असेल, तर मधोमध असलेली श्वासनळीही सरकल्यासारखी दिसते. आपल्या रुग्णात अंतरे सारखी आहेत. श्वासही पुरेसा घेतलेला आहे, कारण श्वासपटलाच्या वर मागच्या बाजूच्या दहा बरगड्या मोजता येतात.

श्वासनळी आणि हाडे काय सांगतात?

श्वासनळी मधोमध, फार तर महाधमनीच्या वळणापाशी किंचित उजवीकडे असते. इथे ती थोडी डावीकडे आहे. रुग्ण सरळ उभा असल्याने हा सरकलेपणा खरा मानावा लागतो. हाडे पाहताना प्रत्येक बरगडी मागून पुढपर्यंत नजरेने चालून जायची. मोडलेले किंवा कुरतडलेले हाड दिसत नाही, पण डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. म्हणजे डावीकडे काहीतरी आक्रसले आहे.

फुप्फुसांत काय दिसते?

दोन्ही बाजू एकाच उंचीवर, टोकापासून तळापर्यंत, एकमेकींशी ताडून पाहायच्या. ज्या मुळापाशी रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका फुप्फुसात शिरतात, ते हायलम डावीकडे सहसा थोडे उंच असते. इथे ते उजव्याहूनही खाली ओढले गेले आहे.

हृदयाची सावली का तपासायची?

समोरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाचा मोठा भाग हृदयाच्या आड असतो. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी आहे, एवढे पाहून विद्यार्थी पुढे जातात. सावलीच्या आत मात्र पाहत नाहीत. इथे त्या सावलीत आणखी एक पांढरा त्रिकोण आहे. त्याची तिरपी कड हृदयाच्या डाव्या कडेच्या आत स्पष्ट दिसते.

श्वासपटल शेवटचा पुरावा कसा देते?

हवा आणि मऊ ऊती शेजारी असल्या तरच त्यांच्यातली कड एक्स-रेत उमटते. हवा गेली, की ती कड पुसली जाते. हृदयाची डावी कड फुप्फुसाच्या वरच्या खंडाला लागून असते, तर श्वासपटल खालच्या खंडाला. या रुग्णात हृदयाची कड ठळक आहे, पण डाव्या श्वासपटलाची आतली रेषा पुसली गेली आहे. म्हणजे हवा गेली आहे ती खालच्या खंडातून. श्वासनळी, बरगड्या आणि हायलम यांची ओढ हेच सांगते. डावा खालचा खंड मिटून हृदयामागे लपला आहे. नुसता न्यूमोनिया असता, तर रेषा पुसली गेली असती, पण एवढी ओढ सहसा दिसली नसती.

पुढे काय?

या वयाच्या धूम्रपान करणाऱ्या रुग्णात खंड मिटला, तर श्वासनलिका आतून अडवणारी गाठ आहे का, हा पहिला प्रश्न असतो. चिकट कफ किंवा अडकलेली वस्तूही कारण असू शकते. एक्स-रेवरून यातले नेमके काय, हे ठरत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून श्वासनलिकांची तपासणी लागते. जुन्या व्रणांच्या निदानावर थांबले असते, तर रुग्ण खोकल्याचे औषध घेऊन घरी गेला असता.

अहवाल लिहिण्याआधी चार जागा पुन्हा पाहाव्यात : गळपट्टीच्या हाडांमागची फुप्फुसांची टोके, दोन्ही हायलम, हृदयामागचा भाग आणि श्वासपटलाच्या घुमटाखालचा भाग. तरीही लहान गाठ सुटू शकते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ दिसला आणि खोकला थांबत नसेल, तर तपास तिथेच संपवता येत नाही.