चिपळूणचे वारे: दिवसाचे आणि रात्रीचे

चिपळूण हे वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत वसलेले शहर आहे. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. पश्चिमेस वाशिष्ठी दाभोळजवळ अरबी समुद्रास मिळते. हिवाळ्यातील निरभ्र दिवशी या भूरचनेमुळे वाऱ्याची दिशा पालटत राहते.

सकाळी उन्हाने डोंगरउतार तापतात. उतारालगतची हवा खोऱ्याच्या मध्यावरील त्याच उंचीच्या हवेपेक्षा उष्ण व हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालची हवा येते. हे दरीय वारे होत. दुपारी समुद्राकडील खारे वारे याच दिशेने वाहतात, त्यामुळे पश्चिमेचा वारा जोर धरतो.

सूर्यास्तानंतर उतार लवकर थंड होतात. तेथील जड हवा ओढ्यानाल्यांच्या वाटेने खाली उतरते. हे पर्वतीय वारे होत. पुढे जमीन समुद्रापेक्षा थंड झाली की मतलई वारेही पश्चिमेकडेच वाहू लागतात. दिशा एकच असल्याने दोहोंतील फरक वेळेवरून व ठिकाणावरून ओळखावा लागतो. पर्वतीय वारा संध्याकाळीच ओढ्याकाठी जाणवतो. मतलई वारा रात्री उशिरा सुटतो आणि किनाऱ्याजवळ अधिक स्पष्ट असतो.

दिवसाचा वारा थांबून रात्रीचा सुरू होईपर्यंत हवा स्तब्ध असते. तळाशी थंड आणि वर उबदार हवा असल्यास तेव्हा जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर वर न जाता वस्तीवर आडवा पसरतो. दुपारी तोच धूर विरून जातो. पावसाळ्यात मात्र ढग व प्रबळ नैऋत्य वारे यांमुळे हे दैनिक चक्र लोपते.